ईआरपी सर्व्हर: कार्यालयात की क्लाउडवर?

मा. व्यवस्थापकीय संचालक यांस,

अंबड येथील ईआरपी सर्व्हरची वॉरंटी मार्चमध्ये संपत असल्याने दोन्ही पर्यायांचा हिशेब सादर करीत आहे.

नव्या सर्व्हरला यूपीएससह 6 लाख रुपये लागतील, म्हणजे 5 वर्षांत वाटून वर्षाला 1 लाख 20 हजार. शिवाय 400 वॅटचे यंत्र चोवीस तास चालले की वर्षाला सुमारे 3,500 युनिट वीज जाते. एसीची वेगळी, आणि हा खर्च आयटीच्या खात्यात कधीच दिसत नाही. क्लाउडचे भाडे वर्षाला 2 लाख 16 हजार, म्हणजे ते महागच आहे.

तरीही माझा कल क्लाउडकडे आहे. गेल्या पावसाळ्यात यूपीएसची बॅटरी चार मिनिटांत बसली, डेटाबेस बिघडला आणि बॅकअप दोन दिवसांपूर्वीचा निघाल्याने स्टोअरच्या मंडळींना सर्व चलने पुन्हा भरावी लागली. क्लाउडवर मुंबईच्या केंद्रातील डेटाची प्रत दर तासाला हैदराबादच्या केंद्रात ठेवता येते, त्यामुळे नुकसान फार तर तासाभराच्या नोंदींचे होईल. अर्थात ती प्रत दर तिमाहीला उघडून पाहावीच लागेल.

खरा धोका इंटरनेटचा आहे. रस्ता खोदताना फायबर तुटली तर गेटवरची चलनेही थांबतील, म्हणून दुसऱ्या कंपनीची वायरलेस लाइन आधी घ्यावी. ड्रॉइंगच्या जड फाइली मात्र कार्यालयातच ठेवाव्यात.

आपला विश्वासू,
व्यवस्थापक, आयटी विभाग