ऑयलर की हॅमिल्टन: शब्दसाखळीचा ग्राफ कसा काढावा

प्रश्न साधा होता. शब्दांची एक यादी दिली आहे. एका शब्दाच्या शेवटच्या अक्षराने पुढचा शब्द सुरू व्हायला हवा (काना, मात्रा सोडून द्यायच्या). सगळे शब्द एकेकदाच वापरून साखळी पुन्हा पहिल्या शब्दाला येऊन मिळते का?

हा प्रश्न ग्राफवर दोन तऱ्हांनी मांडता येतो. शब्दांना बिंदू मानलं आणि जो शब्द ज्याच्यामागे येऊ शकतो त्याच्याकडे बाण काढला, तर आपण प्रत्येक बिंदूतून एकदाच जाणारी हॅमिल्टन सायकल शोधतो. अक्षरांना बिंदू मानलं आणि शब्द म्हणजेच बाण धरला, तर प्रत्येक बाण एकदाच वापरणारं ऑयलर सर्किट शोधतो. मी दोन्ही करून पाहिलं आहे. दोन्हींच्या व्याख्या तुम्हाला माहीत असतील असं धरतो.

आठ शब्द घ्या: कान, नजर, रसिक, कापूर, रान, नाक, किताब, बदक.

शब्द हे बिंदू मानले तर 8 बिंदू आणि 18 बाण होतात. 'क'वर संपणारे तीन शब्द आणि 'क'ने सुरू होणारेही तीन, म्हणून एकट्या 'क'मुळेच 9 बाण येतात. अक्षरं बिंदू मानली तर क, न, र, ब असे चारच बिंदू आणि 8 बाण. मुळात माहिती एवढीच आहे. पहिल्या चित्रात तीच माहिती पसरून लिहिली जाते, आणि यादी वाढते तसे हे बाण शब्दांच्या कितीतरी पट वाढतात.

अक्षरांच्या चित्रात उत्तर द्यायला मोजणी पुरते. 'क'मधून 3 बाहेर, 3 आत, 'न' आणि 'र' 2-2, 'ब' 1-1. प्रत्येक बिंदूवर आत येणारे आणि बाहेर जाणारे बाण सारखे आहेत, सगळे बाण एकमेकांशी जोडलेलेही आहेत, तेव्हा सर्किट आहेच. दुसरी अट विसरू नका. आकडे जुळूनही ग्राफचे दोन सुटे तुकडे असू शकतात, आणि माझ्या पाहण्यात बहुतेक चुका तिथेच होतात.

सर्किट प्रत्यक्ष काढायला हिअरहोल्त्सरची रीत वापरावी. ती 1873 मध्ये प्रसिद्ध झाली आणि आजही तीच वापरली जाते. समजा मी डोळे झाकून चालायला लागलो: कान, नाक, कापूर, रसिक, किताब, बदक. आता 'क'वर परत आलो आणि 'क'चे बाण संपले. नजर आणि रान राहून गेले. हॅमिल्टनच्या चित्रात इथे मागे फिरावं लागतं, केलेलं मोडावं लागतं. अक्षरांच्या चित्रात काहीच मोडायचं नाही. चाललेल्या वाटेवर ज्या बिंदूचा बाण शिल्लक आहे तो शोधायचा. तो 'न'. तिथून नजर, रान अशी छोटी फेरी होते, ती 'कान'च्या पुढे खोवायची: कान, नजर, रान, नाक, कापूर, रसिक, किताब, बदक. झालं. प्रत्येक बाणाला एकदा हात लागतो, म्हणून लाखभर शब्दांनाही फारसा वेळ लागत नाही.

वेग हे चांगलंच कारण आहे, पण माझा निर्णय त्यावर झाला नाही. तो झाला 'नाही' या उत्तरावर.

माझी पहिली आवृत्ती हॅमिल्टनची होती. दोनशेच्या आसपास शब्द होते आणि मागे फिरून शोधणारा प्रोग्राम. छोट्या याद्यांवर तो लगेच साखळी देई. एका यादीवर मात्र तो रात्रभर चालत राहिला आणि सकाळीही गप्पच होता. साखळी नाहीच, की आहे पण अजून सापडली नाही, की माझ्या प्रोग्राममध्येच चूक आहे? त्या शांततेतून यातलं काहीच कळत नव्हतं. 'हो' असेल तर साखळीच समोर ठेवता येते, कोणीही तपासून घ्यावी. 'नाही' साठी दाखवायला हातात काही नसतं. हॅमिल्टन सायकल हा 1972 च्या कार्पच्या 21 अवघड प्रश्नांच्या यादीतला आहे, आणि 'नाही'चा थोडक्यात पुरावा प्रत्येक ग्राफसाठी मिळेल असं कोणाला दाखवता आलेलं नाही. हे मी वाचलेलं होतं. ते नेमकं कुठे टोचतं ते त्या सकाळी समजलं.

आता वरच्या यादीतला 'बदक' काढून 'बाजार' घाला. अक्षरांच्या चित्रात लगेच दिसतं: 'क'मधून 3 बाहेर पण 2 आत, 'र'मध्ये 3 आत पण 2 बाहेर. साखळी बंद होणार नाही, आणि का होणार नाही तेही समोर आहे. शिवाय काय करावं तेही तिथेच लिहिलेलं आहे: 'र'ने सुरू होऊन 'क'वर संपणारा एक शब्द हवा. 'रक्षक' घाला, फेरी पूर्ण होते. तो घालायचा नसेल तर 'क'पासून 'र'पर्यंतची उघडी साखळी तरी नक्की मिळते. इतकं बोलकं 'नाही' मला शब्दांच्या चित्रातून कधी मिळालं नाही.

अर्थात प्रत्येक प्रश्न असा वळवता येत नाही. वळतो का हे पाहायची एक चाचणी आहे आणि ती मी आता प्रोग्राम लिहिण्याआधीच करतो. प्रत्येक बिंदूच्या पुढे कोण येऊ शकतं याची यादी करा. कोणत्याही दोन बिंदूंच्या याद्या एकतर तंतोतंत सारख्या हव्यात, नाहीतर त्यांच्यात एकही नाव सामाईक नको. शब्दांचं तसंच होतं: एकाच अक्षरावर संपणाऱ्या दोघांची यादी एकच, वेगळ्या अक्षरांवर संपणाऱ्यांची पूर्ण वेगळी. अशा वेळी हॅमिल्टनचा ग्राफ हा ऑयलरच्या एखाद्या ग्राफचं पसरलेलं रूप असतो आणि मूळ ग्राफ परत मिळवता येतो. याद्या अर्धवट जुळल्या, तर ही वाट बंद.

तेव्हा हॅमिल्टनला पर्याय नाही, आणि त्या बाजूलाही काही आधार आहेत. दिशा नसलेल्या साध्या ग्राफमध्ये किमान 3 बिंदू असतील आणि प्रत्येकाला एकूण बिंदूंच्या निम्मे तरी शेजारी असतील, तर सायकल असतेच. हे डिरॅकचं 1952 चं प्रमेय. उलट बाजूने, काही बिंदू काढल्यावर ग्राफचे त्या संख्येपेक्षा जास्त तुकडे झाले, तर सायकल नाही. दोन्हींच्या मधे मात्र बराच प्रदेश उरतो. पीटरसन ग्राफमध्ये 10 बिंदू, प्रत्येकाला 3 शेजारी. तुकड्यांची चाचणी तो पार करतो, तरी त्यात सायकल नाही.

वीसएक बिंदूंपर्यंत मी उपसंचांची तक्ता पद्धत वापरतो: कोणते बिंदू होऊन गेले आणि शेवटी कुठे आहोत, अशा प्रत्येक जोडीची एक नोंद. 20 बिंदूंना तक्त्यात साधारण 2 कोटी नोंदी होतात, 30 ला 3,000 कोटींच्या वर, म्हणजे वेळेआधी मेमरी संपते. पण जिथे ती चालते तिथे ती उत्तर देऊनच थांबते, आणि 'नाही' म्हणाली तर ते सगळं पाहून म्हणालेलं असतं. त्याहून मोठ्या ग्राफवर प्रोग्राम सोडण्याआधी मी याद्यांची चाचणी दोनदा करतो.