आगारांची तुलना: भारांक शोधायचे की जोडीदार?

एसटीच्या विभागातल्या आगारांची कार्यक्षमता डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिसने, म्हणजे डीईएने, काढायची हे ठरलं की लगेच पुढचा प्रश्न येतो. लिनियर प्रोग्रॅम दोन तऱ्हांनी मांडता येतो, त्यातली कुठली मांडणी घ्यायची? एकीत आपण भारांक शोधतो: गाडीला किती, कर्मचाऱ्याला किती, किलोमीटरला किती. दुसरीत जोडीदार शोधतो: कोणती चांगली आगारं किती प्रमाणात एकत्र केली तर या आगाराएवढं काम कमी साधनांत निघेल. दोन्ही मांडण्या एकमेकींच्या ड्युअल आहेत, त्यामुळे गुण तोच येतो. म्हणूनच बरेच जण जी आधी हाती लागेल ती वापरतात. मीही तेच केलं. पहिलं वर्षभर भारांकांच्या मांडणीवर काढलं आणि मग दुसरीकडे वळलो. का वळलो, ते एका छोट्या उदाहरणातून सांगतो.

गणित हातानेही पडताळता यावं म्हणून उदाहरणातले आकडे मी सोपे बेतले आहेत, पण अडचण खरी अनुभवातली आहे. चार आगारं घेऊ. क हे लांब पल्ल्याचं आगार: ४० गाड्या, २२० कर्मचारी, रोजचे १४ हजार किलोमीटर आणि ८ हजार प्रवासी. ख तालुक्याच्या गर्दीचं: ५६ गाड्या, २८० कर्मचारी, १६ हजार किलोमीटर, २४ हजार प्रवासी. ग मिश्र: ६० गाड्या, ३३० कर्मचारी, १५ हजार किलोमीटर, १६ हजार प्रवासी. घ लहानसं: ३० गाड्या, १२० कर्मचारी, ८ हजार किलोमीटर, ६ हजार प्रवासी. दोन इनपुट आणि दोन आउटपुट असताना चार आगारं फारच थोडी. प्रत्यक्षात निदान बारा तरी हवीत, नाहीतर जवळपास सगळेच शंभर टक्क्यांवर जाऊन बसतात. पण मांडण्यांमधला फरक दिसायला चार पुरतात.

ग साठी भारांकांची मांडणी अशी होते. u1, u2 हे किलोमीटर आणि प्रवासी या आउटपुटचे भारांक, v1, v2 हे गाड्या आणि कर्मचारी या इनपुटचे; किलोमीटर आणि प्रवासी हजारांत:

```
max  15·u1 + 16·u2
     60·v1 + 330·v2 = 1
     14·u1 +  8·u2 ≤ 40·v1 + 220·v2
     16·u1 + 24·u2 ≤ 56·v1 + 280·v2
     15·u1 + 16·u2 ≤ 60·v1 + 330·v2
      8·u1 +  6·u2 ≤ 30·v1 + 120·v2
     u, v ≥ 0
```

आणि जोडीदारांची अशी, यात λ1 ते λ4 म्हणजे क, ख, ग, घ कोणत्या प्रमाणात घ्यायची ते आणि θ म्हणजे ग चा गुण:

```
min  θ
     40·λ1 +  56·λ2 +  60·λ3 +  30·λ4 ≤  60·θ
    220·λ1 + 280·λ2 + 330·λ3 + 120·λ4 ≤ 330·θ
     14·λ1 +  16·λ2 +  15·λ3 +   8·λ4 ≥  15
      8·λ1 +  24·λ2 +  16·λ3 +   6·λ4 ≥  16
     λ ≥ 0
```

दोन्हीकडे ग चा गुण ०.८० येतो.

भारांकांच्या मांडणीचं आकर्षण मला समजतं. १९७८ मध्ये चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांनी ही पद्धत मांडली ती मुळात गुणोत्तराच्या रूपातच: भारांक लावलेलं आउटपुट भागिले भारांक लावलेलं इनपुट. प्रत्येक आगाराला आपल्या सोयीचे भारांक निवडायची मुभा, अट एकच, तेच भारांक लावून कुठल्याही आगाराचा गुण एकाच्या वर जाता कामा नये. बैठकीत हे दोन मिनिटांत समजावता येतं आणि लोकांना ते न्याय्यही वाटतं. ‘तुमच्या आगाराला सर्वांत अनुकूल ठरेल अशा मापाने मोजलं, तरीही ऐंशीच टक्के’ या वाक्यात वजन आहे.

माझी अडचण सुरू झाली भारांकांचा तक्ता छापल्यावर. वरच्या उदाहरणात ग साठी गाडीचा भारांक ०.०१६७, किलोमीटरचा ०.०४१०, प्रवाशांचा ०.०११५ आणि कर्मचाऱ्यांचा शून्य येतो. असाच एक तक्ता आम्ही बैठकीत वाटला होता. एका आगार व्यवस्थापकांनी तो नीट वाचला आणि म्हणाले, “साहेब, म्हणजे आमच्याकडे माणसांचा प्रश्न नाही. तुमच्याच कागदावर शून्य आहे.” त्यांनी वाचलं ते कागदावर होतं तसंच. अर्थ मात्र बरोबर उलटा होता. कर्मचाऱ्यांच्या बाबतीत ते आगार इतकं मागे होतं की तो रकाना जरा जरी धरला तरी गुण आणखी घसरला असता, म्हणून मॉडेलने त्यांच्या हितासाठी तो रकाना झाकला होता. हे मी त्यांना समजावलं, त्यांनी मानही हलवली, पण पुढच्या तिमाहीत दुसऱ्या व्यवस्थापकांनी तोच प्रश्न विचारला. शून्य या आकड्याचा अर्थ दर वेळी उलगडून सांगावा लागत असेल तर दोष वाचणाऱ्याचा नाही, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

त्यात भर म्हणजे शंभर टक्के गुण मिळालेल्या आगारांचे भारांक एकमेव नसतात. घ चंच घ्या. दर कर्मचाऱ्यामागे सुमारे ६७ किलोमीटर, चौघांत सर्वांत जास्त. सगळं वजन कर्मचाऱ्यांवर आणि किलोमीटरवर टाकलं की गुण १ येतो. इनपुटच्या वजनातला दहावा हिस्सा गाड्यांना दिला तरीही १ च येतो. एका संगणकावर एक तक्ता आणि दुसऱ्यावर दुसरा, दोन्ही बरोबर. आमच्याकडे एकदा यावरून डेटा बदलला की काय अशी शंका घेतली गेली आणि दोन दिवस नोंदी तपासण्यात गेले.

यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे भारांकांना शून्याऐवजी एखादी बारीक किमान मर्यादा घालणं. हे जपून करावं. किलोमीटर हजारांत न लिहिता पूर्ण लिहिले, म्हणजे १५ ऐवजी १५०००, आणि किमान मर्यादा ०.०००१ ठेवली, तर एकट्या किलोमीटरचा हिस्साच १.५ होतो. गुण तर १ च्या वर जाऊ शकत नाही, मग सॉल्व्हर उत्तरच नाही असं सांगतो. ०.०००१ हा आकडा बारीक आहे की ढोबळ, हे एककावर ठरतं. कर्मचाऱ्यांना तीच मर्यादा लावली तरी ३३० गुणिले ०.०००१, म्हणजे इनपुटच्या एकूण वजनातला ३.३ टक्के हिस्सा आपण न ठरवता ठरवून टाकलेला असतो.

आता तेच ग जोडीदारांच्या मांडणीत पाहा. उत्तर येतं: λ1 = ०.५, λ2 = ०.५, बाकी शून्य. म्हणजे अर्धं क आणि अर्धं ख मिळून ग एवढंच काम करतात: १५ हजार किलोमीटर आणि १६ हजार प्रवासी. त्यांना लागतात ४८ गाड्या आणि २५० कर्मचारी. ग कडे गाड्या आहेत ६०, आणि ६० चे ८० टक्के म्हणजे बरोबर ४८. कर्मचारी ३३० आहेत, त्यांचे ८० टक्के २६४, पण जोडीला २५० च पुरतात. राहिलेले १४ म्हणजे स्लॅक. भारांकांच्या तक्त्यातलं ते फसवं शून्य इथे १४ होऊन समोर येतं: सगळीकडे वीस टक्के कपात गृहीत धरल्यावरही कर्मचाऱ्यांच्या रकान्यात आणखी चौदांचा फरक उरतो. हा आकडा कोणीही उलटा वाचत नाही.

एक खबरदारी मात्र घ्यावी. स्लॅक मिळवायला दुसरा टप्पा लागतो: θ ०.८० वर पक्का करून स्लॅकची बेरीज जास्तीत जास्त करायची. आमच्या उदाहरणात उत्तर एकमेव असल्यामुळे पहिल्याच फेरीत ते दिसलं, पण नेहमी तसं होत नाही. हा टप्पा गाळला तर काही आगारं θ = १ घेऊन निसटतात, खरं तर त्यांच्याकडे एखादं साधन जास्त पडून असतं.

माणसं कमी करणं कुणाच्याच हातात नसतं, आणि मला तरी डीईएचा तो उपयोग पटत नाही. या मॉडेलमध्ये, म्हणजे आगाराचा आकार वाढला की काम त्याच प्रमाणात वाढतं असं धरलं तर, तेच उत्तर दुसऱ्या बाजूने वाचता येतं. ०.८० चा व्यस्त १.२५, म्हणजे आहे त्या साधनांत १८,७५० किलोमीटर आणि २० हजार प्रवासी व्हायला हवेत. व्यवस्थापकांपुढे मी हेच रूप ठेवतो. आकारमानाबद्दलचं ते गृहीतक पटत नसेल तर जोडीदारांच्या मांडणीत λ ची बेरीज १ एवढी एकच ओळ वाढवायची. १९८४ मध्ये बँकर, चार्न्स आणि कूपर यांनी दिलेलं ते रूप. ग ला त्याने फरक पडत नाही, कारण ०.५ अधिक ०.५ आधीच १ आहे. पण ती ओळ घातली की ज्या आगाराकडे कुठलंही एक साधन सर्वांत कमी आहे ते आपोआप शंभर टक्क्यांवर जातं, हे लक्षात ठेवावं. आणि त्या ओळीनंतर १.२५ हा सरळ व्यस्तही खात्रीचा राहत नाही, आउटपुटच्या बाजूने पुन्हा सोडवावं लागतं.

भारांकांच्या मांडणीच्या बाजूने दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. व्यवस्थापनाचं काही ठाम मत असेल, उदाहरणार्थ एका गाडीचा भारांक चार कर्मचाऱ्यांपेक्षा कमी धरायचा नाही, तर ते तिथे v1 ≥ 4·v2 असं सरळ लिहिता येतं. दुसऱ्या मांडणीत तीच अट आडवळणाने आणावी लागते. आणि राज्यातली एसटीची अडीचशेच्या आसपास आगारं एकदम घ्यायची असतील तर जोडीदारांच्या मांडणीत तितकेच λ होतात, आणि एक्सेलबरोबर येणारा सॉल्व्हर २०० चलांपाशी थांबतो. भारांकांच्या मांडणीत चलं चारच राहतात, आगारांच्या संख्येने फक्त अटी वाढतात. राज्यस्तरावर नुसती क्रमवारी हवी असेल आणि हाताशी एक्सेलच असेल तर मी आग्रह धरणार नाही.

पण आगारांशी बोलायचं असेल तर माझा कल कुठे आहे ते एव्हाना कळलं असेल. जोडीदारांची नावं कागदावर आली की वादाचा विषय बदलतो. ‘क चे रस्ते सपाट आहेत, आमच्याकडे घाट’ असं कोणी म्हणालं तर ती खरी, तपासता येण्यासारखी हरकत असते. घाटातली आगारं वेगळ्या गटात घालून मॉडेल पुन्हा चालवायचं, एवढंच. घ सारखं आगार स्वतःखेरीज कोणाचाच जोडीदार होत नाही, हेही λ च्या रकान्यात लगेच दिसतं, आणि त्याचे शंभर टक्के जरा सावधपणे घ्यावेत हे कळतं.

पुढच्या वर्षी आम्ही भारांकांचा तक्ता वाटलाच नाही. प्रत्येकाला एक अर्धं पान दिलं: जोडीदार कोण, कुठलं किती प्रमाणात, आणि प्रत्येक रकान्यातला फरक. शून्याबद्दल विचारणारे तेच व्यवस्थापक बैठकीनंतर थांबले आणि त्यांनी जोडीदार आगाराच्या ड्युटी तक्त्याची प्रत मागितली.