डाळ मिलच्या छतावर 50 किलोवॅट: 85 हजार युनिट खरे की 75 हजार?

माझ्या मावसभावाची लातूरला डाळ मिल आहे. मिलच्या पत्र्यावर 50 किलोवॅट सोलर बसवायचं ठरलं आणि एका विक्रेत्याने पीव्हीसिस्ट या विकतच्या सॉफ्टवेअरचा रिपोर्ट आणून दिला: वर्षाला 85 हजार युनिट. भावाच्या मुलीने तेच छत पीव्हीजीआयएस या फुकटच्या साधनात टाकलं, तर आकडा आला साडेपंच्याहत्तर हजारांच्या आसपास. तिचा फोन आला, "काका, साडेनऊ हजार युनिट गेले कुठं?"

विकतचं सॉफ्टवेअर खरं आणि फुकटातलं ढोबळ, असं पटकन वाटतं. इथे तसं नव्हतं. दोन्हींनी छतावर पडणारं ऊन जवळजवळ सारखंच धरलं होतं, वर्षाला चौरस मीटरमागे 2,030 युनिटच्या आसपास. फरक पडला तो त्यानंतर.

पीव्हीजीआयएस हे युरोपियन कमिशनच्या संशोधन केंद्राचं ऑनलाइन साधन. नकाशावर जागा निवडा, किलोवॅट, उतार आणि दिशा भरा, दोन मिनिटांत उत्तर. तोटे मात्र ते मोजक्याच ओळींत सांगतं: किरण तिरपे पडल्याने किती गेलं, तापमान आणि मंद प्रकाशाने किती गेलं. बाकी सगळं `System loss` नावाच्या एका चौकटीत, आणि तिथे आधीच 14 लिहिलेलं असतं. वायर, इन्व्हर्टर, धूळ सगळं त्या 14 टक्क्यांत. हा आकडा तुमच्या छताकडे बघून काढलेला नसतो. पुतणीने तो तसाच ठेवला होता, आणि बहुतेक जण तसाच ठेवतात.

अमेरिकेच्या पीव्हीवॉट्स या तशाच साधनातही मूळ आकडा 14 च आहे, म्हणून दोन्ही सारखंच सांगतात असं समजू नका. तिथल्या 14 मध्ये इन्व्हर्टरचा तोटा नसतो, तो वेगळा वजा होतो. नाव एक, हिशोब दोन.

पीव्हीसिस्ट हे स्वित्झर्लंडचं, विकतचं. 30 दिवस फुकट वापरता येतं, पण शिकायला त्यातले चार-पाच दिवस सहज जातात. त्याचं खरं मोल रिपोर्टच्या शेवटाकडच्या लॉस डायग्राममध्ये आहे. वर आडव्या जमिनीवर पडणारं ऊन, खाली मीटरपर्यंत पोचलेले युनिट, आणि मध्ये कालव्याला फाटे फुटावेत तसे एकेक तोट्याचे बाण. वाचताना एवढं ध्यानात ठेवा की प्रत्येक टक्का त्याच्या लगेच वर उरलेल्या रकमेचा असतो, सुरुवातीच्या 100 चा नव्हे. म्हणून सगळे टक्के बेरजेत मांडले तर हिशोब जुळत नाही. गुणाकार करत खाली यावं लागतं.

विक्रेत्याच्या डायग्राममध्ये मी तीनच बाणांवर बोट ठेवलं.

पहिला `PV loss due to temperature`. तिथे 8 टक्के होते. मराठवाड्यातला एप्रिल-मे आठवा. पण नुसत्या हवेच्या तापमानाचा इथे प्रश्न नाही, ते हवामानाच्या फाइलमधून येतंच. प्रश्न आहे पॅनलखालून वारा किती खेळतो याचा. पीव्हीसिस्ट त्यासाठी `Uc` नावाचा आकडा घेतं: चारी बाजूंनी मोकळ्या स्टँडसाठी 29, मागे थोडीच हवा खेळत असेल तर 20, पाठ पूर्ण बंद असेल तर 15. विक्रेत्याने 29 धरला होता. भावाचे पॅनल पत्र्यापासून चार बोटं उंचीवर, छोट्या रेल्सवर बसणार होते, म्हणजे 20 योग्य. बाहेर 40 अंश आणि ऊन 900 वॅटचं असताना 29 धरला तर पॅनलमधला सेल साधारण 62 अंशांवर जातो, 20 धरला तर 72 वर. आजच्या पॅनलची ताकद दर अंशाला सुमारे 0.35 टक्के घटते. वर्षभराचं गणित केलं की 8 चे 11 टक्के होतात.

दुसरा बाण धुळीचा, `Soiling loss`. रिपोर्टमध्ये 1 टक्का. डाळ मिलवर! तुरीच्या टरफलांचा भुसा दिवसभर उडतो, दिवाळीनंतर पाऊस नाही, आणि उन्हाळ्यात पॅनल धुवायला पाणी कुठून आणायचं हा लातूरकरांना विचारायचा प्रश्नच नाही. पीव्हीसिस्टमध्ये हा आकडा महिन्यागणिक वेगळा देता येतो. फेब्रुवारी ते मे 6, पावसाळ्यात 1 ते 2, उरलेल्या महिन्यांत मधलं काही. वर्षाची सरासरी 4 च्या आसपास येते, तीही महिन्यातून दोनदा कोरडा ब्रश फिरवला तर.

तिसरा बाण डायग्राममध्ये नव्हताच. मिलच्या पश्चिमेला एलेव्हेटर आणि पाण्याची टाकी उभी आहे, दुपारी चारनंतर तिची सावली दोन रांगांवर पडते. पीव्हीसिस्टमध्ये ती हाताने, त्रिमितीत काढावी लागते. काढली नाही तर सॉफ्टवेअर आपणहून विचारत नाही आणि डायग्राममधून `Near shadings` ची ओळच गायब होते. न दिसणारी ओळ सर्वात जास्त शोधावी. टाकी रेखाटली तेव्हा तोटा निघाला दीड टक्का. इथे पीव्हीजीआयएस काही कामाचं नाही: त्याला दूरचे डोंगर कळतात, शेजारची टाकी नाही.

या तीन दुरुस्त्यांनी 85 हजारांचे साडेअठ्ठ्याहत्तर हजार झाले. वर एक जास्तीचा: दिवसा लाइट गेली की ऑनग्रिड इन्व्हर्टर बंद पडतो, ऊन कितीही असो. त्यासाठी `Unavailability` मध्ये 2 टक्के टाकले. 77 हजार.

आता पीव्हीजीआयएसकडे परत. विक्रेत्याच्या रिपोर्टमधले धूळ, वायर, इन्व्हर्टर वगैरे मिळून जेमतेम 6 टक्के होतात. पुतणीच्या 14 शी त्यांची गाठ पडल्यावर साडेनऊ हजारांतला मोठा वाटा तिथेच सापडतो. खरी धूळ, सावली आणि लाइट जाणं धरून मिलसाठी तो आकडा 12 च्या आसपास असायला हवा. तिने 14 च्या जागी 12 टाकले आणि उत्तर आलं 77 हजारांच्या किंचित वर. थोडा योगायोगही आहे त्यात, कारण पीव्हीजीआयएसमध्ये पॅनल मोकळा की छताला चिकटलेला एवढेच दोन पर्याय आहेत आणि तिने मोकळा धरला होता. तरी दोन वेगळ्या वाटा एका गावी पोचल्या की मला बरं वाटतं.

मग कोणतं घ्यावं? घराच्या स्लॅबवर 3 किलोवॅट बसवणार असाल तर पीव्हीजीआयएस पुरे. फक्त त्या 14 कडे डोळे उघडून बघा. मिल, गोडाऊन, बँकेचं कर्ज असं काही असेल तर स्वतः पीव्हीसिस्ट शिकायची गरज नाही, विक्रेत्याकडून लॉस डायग्रामसकट पूर्ण रिपोर्ट मागा आणि पीव्हीजीआयएसवर पडताळा. बँकेसाठी त्यात P90 चा, म्हणजे दहापैकी नऊ वर्षांत गाठला जाणारा आकडाही मागा. मोठ्या अक्षरात छापलेला असतो तो P50, म्हणजे निम्म्या वर्षांत त्याहून कमीच येणार. मधला मार्ग हवा असेल तर सॅम नावाचं अमेरिकन सॉफ्टवेअर आहे, फुकट, लॉस डायग्रामसह. अर्थात त्याला हवामानाची फाइल तुम्हालाच निवडून द्यावी लागते आणि आपल्याकडचे विक्रेते ते फारसं वापरत नाहीत, त्यामुळे समोरासमोर ताडून बघायला अडचण येते.

विक्रेता 85 वर अडून होता. भाऊ म्हणाला, "ठीक आहे, मग पहिल्या वर्षी 85 हजारांची हमी करारात लिहा." दोन दिवसांनी नवा रिपोर्ट आला. `Uc` 20, टाकी रेखाटलेली, धूळ 3.