लिंबू की कृष्णेचं पाणी? आयोडिन टायट्रेशनचा प्रकल्प निवडताना

शेवटच्या वर्षाची मुलं प्रकल्प ठरवायला आमच्या सांगलीच्या प्रयोगशाळेत आली की दोन विषय हमखास निघतात: फळातलं क जीवनसत्त्व किंवा नदीच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. दोन्हींत आयोडिन आहे, दोन्हींत स्टार्च आहे, म्हणून काम सारखंच असेल असं वाटतं. तसं नाही.

क जीवनसत्त्वात आयोडिन ब्युरेटमधून पडणाऱ्या आयोडेटपासून फ्लास्कमध्येच तयार होतं. लिंबाचा गाळलेला रस, थोडं पोटॅशियम आयोडाइड, सौम्य आम्ल आणि स्टार्च फ्लास्कमध्ये सुरुवातीलाच घालायचं आणि वरून पोटॅशियम आयोडेट सोडायचं. तयार होणारं आयोडिन जीवनसत्त्व लगेच खाऊन टाकतं. जीवनसत्त्व संपलं की पुढच्या थेंबाला निळा रंग येतो आणि टिकतो. आयोडेट शुद्ध मिळतं, वाळवून नेमकं तोलता येतं, त्यामुळे इथे थायोसल्फेटची गरजच नाही. ०.०१ नॉर्मल आयोडेटच्या १ मिलीला ०.८८ मिलिग्रॅम जीवनसत्त्व. १० मिली रसाला ५.२ मिली लागलं, तर १०० मिली रसात साधारण ४६ मिलिग्रॅम. एका दुपारचं काम.

फक्त नमुना जपून निवडा. सांगलीत राहून बेदाणे घ्यावेसे वाटतात, पण रंग टिकवायला गंधकाची धुरी दिलेल्या बेदाण्यात सल्फाइट असतं आणि तेही आयोडिन खातं. आकडा फुगतो आणि तो जीवनसत्त्वाचा नसतो.

पाण्याच्या प्रयोगात सगळं उलटं. माईघाटावर ३०० मिलीची बाटली बुडबुडा न राहू देता भरायची आणि तिथेच मॅंगेनीज सल्फेट व अल्कली-आयोडाइड-अझाइड प्रत्येकी १ मिली, पिपेटचं टोक पाण्याखाली धरून, घालायचं. तपकिरी गाळ बसला म्हणजे ऑक्सिजन धरला गेला. गाळ पांढराच राहिला तर पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नाही. मग १ मिली तीव्र गंधकाम्ल घातलं की गाळ विरघळतो आणि ऑक्सिजनच्या प्रमाणात आयोडिन सुटतं. ते थायोसल्फेटने मोजायचं. म्हणजे उत्तर खरं की खोटं, हे थायोसल्फेटच्या बाटलीवर ठरतं.

आणि ही बाटली भरवशाची नसते. थायोसल्फेटच्या स्फटिकातलं पाणी उडतं, म्हणून तोललेल्या वजनावर विश्वास ठेवता येत नाही. द्रावणात जंतू वाढतात, आम्ल लागलं तर गंधक सुटून ते गढूळ होतं. ६.२ ग्रॅम स्फटिक उकळून गार केलेल्या डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून, चिमूटभर सोडियम कार्बोनेट घालून १ लिटर करा, तपकिरी बाटलीत ठेवा आणि प्रमाणित करूनच वापरा. डायक्रोमेटनेही करता येतं, पण त्यात पाच मिनिटं अंधारात थांबावं लागतं, शेवटी निळ्यातून हिरवा रंग ओळखावा लागतो आणि विषारी क्रोमियम उरतं. मी आयोडेटच सुचवते. १ लिटरमध्ये ०.८९२ ग्रॅम म्हणजे ०.०२५ नॉर्मल.

मागच्या खेपेला १० मिली आयोडेटला आम्हाला १०.३ मिली थायोसल्फेट लागलं. म्हणजे ते ०.०२५ नव्हे, ०.०२४३ नॉर्मल होतं. घाटावरच्या पाण्याच्या २०१ मिलीला (रसायनांनी बाहेर ढकललेलं पाणी धरून हे मूळ २०० मिली) ६.८ मिली लागलं. प्रमाणित आकड्याने ऑक्सिजन लिटरला ६.६ मिलिग्रॅम येतो, न तपासता ६.८ लिहिला गेला असता.

स्टार्चमध्येही फरक आहे. करायची रीत एकच: १ ग्रॅम विद्राव्य स्टार्च गार पाण्यात खळीसारखं कालवायचं, गुठळी राहू द्यायची नाही, उकळत्या १०० मिली पाण्यात ओतून मिनिटभर उकळायचं. पण पाण्याच्या प्रयोगात ते सुरुवातीला घालायचं नाही. आयोडिन भरपूर असताना घातलं तर स्टार्च त्याला घट्ट धरून ठेवतं, निळा रंग लवकर सुटत नाही आणि एंड पॉइंट ओलांडला जातो. द्रावण फिकट गवती पिवळं झालं की मगच १ मिली घाला. एका मुलीचा रंग निळ्याऐवजी तांबूस-जांभळा येत होता आणि ती थायोसल्फेटला दोष देत होती. स्टार्च चार दिवसांचं होतं. नवं केल्यावर पहिल्याच थेंबाला शाईसारखा निळा रंग आला.

वेळ एकच दुपार असेल तर लिंबू घ्या. दोन-तीन आठवडे असतील आणि सकाळी घाटावर जायची तयारी असेल तर कृष्णेचं पाणी घ्या, पण प्रत्येक फेरीच्या दिवशी आयोडेटच्या १० मिलीला किती थायोसल्फेट लागलं तो आकडा वहीत सगळ्यात वर लिहा.