मंडळाच्या प्रायोजकत्वाला नकार: चार रीतींचा तुलनात्मक आढावा

पुण्याच्या एखाद्या पेठेत रस्त्यालगत चष्म्याचे दुकान आहे आणि त्याच रस्त्यावर शे-दोनशे पावलांच्या अंतरात तीन गणेशोत्सव मंडळे आहेत, असे गृहीत धरू. दुकानदार तिन्ही मंडळांना दरवर्षी प्रत्येकी ₹१,१०१ वर्गणी देतो. यंदा वासापूजन झाल्यावर त्यांपैकी सर्वांत मोठ्या मंडळाने लेखी पत्र दिले आहे: ₹५१,००० देऊन ‘मुख्य प्रायोजक’ व्हावे, त्या बदल्यात चौकातील कमानीवर दहा दिवस दुकानाचे नाव राहील. दुकानदाराला हे पैसे द्यायचे नाहीत. मात्र मंडळाचे निम्मे कार्यकर्ते आणि त्यांच्या घरची माणसे त्याची गिऱ्हाइके आहेत. अशा वेळी नकार देण्याच्या चार रीती प्रचलित आहेत. आजचा प्रसंग कोणती रीत निभावून नेते यापेक्षा पुढच्या वर्षी ती कोठे नेऊन सोडते, हे पाहून त्यांची निवड करावी, असे माझे मत आहे.

वर्गणी आणि प्रायोजकत्व यांतला भेद आधी नीट लक्षात घ्यायला हवा, कारण बहुतेक घोटाळा येथेच होतो. वर्गणी हा रहिवासी आणि दुकानदार यांचा उत्सवातला वाटा असतो. तो न देणारा माणूस गल्लीत वेगळा पडतो. प्रायोजकत्व हा जाहिरातीचा व्यवहार आहे. त्यात जागा आणि मुदत ठरलेली असते, आणि तो नाकारणे हे एखाद्या वर्तमानपत्राची जाहिरात नाकारण्याइतकेच सरळ आहे. हिशेबातही दोन्हींची वाट वेगळी होते. जाहिरातीसाठी दिलेल्या रकमेचे बिल मागता येते आणि तो धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येतो. मात्र एका दिवसात एकाच पक्षाला ₹१०,००० पेक्षा जास्त रोख दिल्यास तो खर्च आयकरात सहसा मान्य होत नाही. दुकान भागीदारी फर्मचे किंवा कंपनीचे असेल, तर प्रायोजकत्वावरील जीएसटी भरण्याची जबाबदारी उलट प्रायोजकावरच येऊ शकते, हे सीएला विचारल्याशिवाय अनेकांना कळत नाही. साध्या वर्गणीला, मंडळाने फलकावर कृतज्ञता म्हणून नुसते नाव लिहिले तरी, हा प्रश्न येत नाही. कार्यकर्ते बोलताना दोन्हींना ‘सहकार्य’ असा एकच शब्द वापरतात. दुकानदाराने तो वापरू नये.

पहिली रीत टोलवण्याची आहे: ‘बघू’, ‘उद्या या’, ‘मालक बाहेरगावी आहेत’. चारही रीतींत ही सर्वाधिक वापरली जाते आणि माझ्या मते सर्वांत महाग पडते. गल्ल्यावर उभे राहून हे म्हणणे सोपे असते, कारण समोर तोंडावर कोणी नाराज होत नाही. परंतु मंडळाच्या बाजूने पाहिले, तर दुकानातून निघालेली पोरे रात्री बैठकीत त्या दिवशीचा वृत्तांत देतात आणि ‘बघू म्हणाले’ याची नोंद खजिनदाराच्या वहीत येणाऱ्या रकमांमध्ये होते. त्या भरवशावर मंडपवाल्याला आणि देखावा करणाऱ्याला शब्द दिला जातो. चतुर्थी चार दिवसांवर आल्यावर दुकानदार नाही म्हणतो, तेव्हा मंडळाच्या हिशेबात खरोखरच खड्डा पडलेला असतो आणि ज्या कार्यकर्त्याने बैठकीत खात्री दिली होती, त्याची सर्वांसमोर मान खाली जाते. दुकानदाराविषयी जो राग राहतो, तो बहुधा या अवेळी झालेल्या नकाराचा असतो. ‘पुढच्या वर्षी नक्की’ हा याच रीतीचा आणखी वाईट प्रकार आहे. कार्यकर्ते बदलतात, पण ते वाक्य मंडळात पक्के लक्षात राहते.

दुसरी रीत म्हणजे स्पष्ट नकार: प्रायोजकत्वही नाही आणि वर्गणीही नाही. ही रीत प्रामाणिक आहे आणि काही ठिकाणी हीच योग्य ठरते. ज्याच्या दुकानाचा निर्णय मुख्य कार्यालयात होतो, ज्याने कोणत्याही धर्माच्या उत्सवाला दुकानातून पैसे द्यायचे नाहीत असे खरोखरच ठरवले आहे, किंवा ज्याची गिऱ्हाइके मुख्यतः परगावची अथवा फोनवरून मागणी करणारी आहेत, त्याला ती झेपते. अट एकच आहे: नियम खरा असला पाहिजे. ‘आम्ही कोणालाच देत नाही’ असे सांगून महिनाभरात नवरात्राच्या मंडपावर दुकानाचा फ्लेक्स लागला, तर ते साऱ्या पेठेला दिसते. आपल्या चष्मेवाल्याने वर्षानुवर्षे वर्गणी दिली आहे; त्याने यंदा एकदम तीही थांबवली, तर मंडळाला ती शिक्षा वाटेल आणि इतर दोन मंडळांनाही तसेच वाटेल. त्याच्यासाठी ही रीत उपयोगाची नाही.

तिसरी रीत प्रायोजकत्व नाकारून वर्गणीवर येण्याची आहे, आणि ज्याचा धंदा आसपासच्या वस्तीवर चालतो त्याला मी बहुतेक वेळा हीच सुचवीन. हिचे बळ सर्व मंडळांना मिळणाऱ्या समान वागणुकीत आहे. मोठ्या मंडळाला ₹५१,००० दिल्याचे कमानीवर झळकले की उरलेली दोन मंडळे निदान ₹२१,००० तरी मागतील आणि एकट्या गणेशोत्सवाचा आकडा ₹९३,००० वर जाईल. शिवाय दहीहंडी, नवरात्र आणि शिवजयंती या वेळी हीच माणसे पुन्हा दारात उभी राहतील. त्याऐवजी तिघांनाही ₹१,१०१ वरून ₹२,१०१ केले, तर एकूण ₹६,३०३ जातात. रक्कम वाढल्यामुळे आपण मागणीची दखल घेतली हे दिसते आणि तिघांना सारखेच दिल्यामुळे कोणालाही दुसऱ्याच्या पावतीकडे बोट दाखवता येत नाही. त्याच रस्त्यावर वर्गणीची जी रीत आहे, तिच्या आसपासच ही रक्कम ठेवावी. फार वाढवली, तर तोच पुढच्या वर्षीचा पाया होतो.

ही रीत पार पाडताना क्रमाला महत्त्व आहे. पत्र घेऊन आलेल्या पोरांना संध्याकाळच्या गर्दीत उत्तर देऊ नये. पत्र आदराने ठेवून घ्यावे, कोणत्या दिवशी कळवू ते सांगावे आणि तो दिवस पाळावा. उत्तर देण्यासाठी स्वतः मंडळाच्या कार्यालयात जावे आणि सचिव किंवा खजिनदार यांना, शक्य झाल्यास एखाद्या ज्येष्ठ कार्यकर्त्यासमोर, ते द्यावे, कारण निरोप तोंडातोंडी फिरला की त्याचा सूर बदलतो. सोबत लेखी पत्र असावे. त्याचा मजकूर एवढाच पुरे:

‘आपल्या मंडळाचे प्रायोजकत्वाविषयीचे पत्र मिळाले, आभारी आहोत. यंदा कोणत्याही मंडळाचे प्रायोजकत्व घ्यायचे नाही, असे आमच्या दुकानाने ठरवले आहे. तरी कमानीसाठी आमचा विचार करू नये, ही विनंती. नेहमीची वर्गणी वाढवून ₹२,१०१ देत आहोत. पावती मिळावी.’

या मजकुरात मंदीचे रडगाणे नाही, हे मुद्दाम आहे. धंदा मंदा आहे असे सांगितले की दुकानात नवे कपाट आले किंवा नवी गाडी दारात उभी राहिली की बोलायला जागा होते. शिवाय पैशाची अडचण सांगितली, तर समोरचा रक्कम कमी करून देतो आणि ₹५१,००० वरून ₹२५,००० वर घासाघीस सुरू होते. ठरवलेल्या नियमावर घासाघीस करता येत नाही. मंडपामुळे दहा दिवस दुकानाचे तोंड झाकले जाते, ही तक्रार खरी असली तरी ती या भेटीत काढू नये. ती वेगळ्या दिवशी, गिऱ्हाइकाला यायला वाट सोडा, अशी स्वतंत्र विनंती म्हणून मांडावी. दोन्ही एकत्र आल्या की पैसे न देण्यासाठी काढलेली ती सबब वाटते.

वर्गणीच्या पावतीबाबत थोडी दक्षता हवी. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करण्यापूर्वी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० नुसार धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. पावतीवर नोंदणी किंवा परवानगी क्रमांक आहे का ते पाहावे आणि क्यूआर कोडने पैसे पाठवताना पडद्यावर मंडळाचे नाव येते की एखाद्या व्यक्तीचे, तेही पाहावे. व्यक्तीचे नाव आले, तर मंडळाच्या खात्यावर धनादेश देऊ असे शांतपणे सांगावे. जुन्या आणि व्यवस्थित मंडळांना याचे वाईट वाटत नाही. मात्र परवानगीचा मुद्दा नकाराचे कारण म्हणून पुढे करू नये. तसे केल्यास तो धमकीसारखा ऐकू येतो.

चौथी रीत पैशाऐवजी वस्तू किंवा सेवा देण्याची आहे. आपला चष्मेवाला एका दिवशी मंडपात मोफत दृष्टितपासणी ठेवू शकतो. विजेच्या सामानाचा दुकानदार माळा देऊ शकतो, किराणावाला महाप्रसादाची साखर देऊ शकतो. ज्याच्याकडची वस्तू मंडळाला विकत घ्यावीच लागते, त्याला ही रीत फायद्याची आहे, कारण त्याला ती खरेदीच्या भावात पडते आणि मंडळाच्या हिशेबात बाजारभावाने मोजली जाते. पण हिच्या मर्यादा सहज दिसत नाहीत. तपासणी ठेवली की नंबर निघालेली माणसे चष्माही मोफत किंवा निम्म्या किमतीत मागतात, म्हणून काय मिळणार आणि काय नाही हे फलकावर आधीच लिहावे लागते. एका मंडळात केली की इतर दोन्हींत करावी लागते, म्हणजे ऐन उत्सवात तीन दिवस तपासनीस दुकानाबाहेर राहतो. माळा दिल्या, तर त्या परत येणार की कायमच्या दिल्या, हे लिहून न ठेवल्यास विसर्जनानंतर त्यावरूनच वाद होतो. ज्याच्या धंद्याचा मंडपाशी काही संबंध नाही, अशा विमा सल्लागाराने किंवा शिकवणी चालवणाऱ्याने ओढूनताणून ही वाट धरू नये.

आपल्या चष्मेवाल्यासाठी माझा कौल तिसऱ्या रीतीला आहे; त्याला खरोखर हौस असेल आणि माणूसबळ असेल, तर वर्गणीबरोबर तपासणीही ठेवावी, तिच्याऐवजी नव्हे. रक्कम न दिल्यास दुकान चालू देणार नाही, काच फुटेल, अशी भाषा कोणी वापरली, तर मात्र यांतली एकही रीत लागू होत नाही. ती खंडणी आहे. आधी मंडळाच्या अध्यक्षांच्या कानावर घालावे, कारण पुष्कळदा एखादाच कार्यकर्ता मंडळाला न कळवता असे बोलतो. तरीही थांबले नाही, तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. उत्सवापूर्वी पोलीस मंडळांच्या बैठका घेत असतात, त्यामुळे मंडळाचे पदाधिकारी त्यांच्या परिचयाचे असतात आणि पुष्कळदा प्रकरण तेथेच मिटते.

ज्याने यंदा आधीच ‘बघू’ म्हणून ठेवले आहे, त्यालाही तिसऱ्या रीतीवर येता येते, पण मंडपवाल्याला पुढची रक्कम जाण्याआधी. कार्यालयात जाऊन ‘मी त्या दिवशी नीट उत्तर दिले नाही, प्रायोजकत्व जमणार नाही, तुमच्या अंदाजातून माझे नाव काढा’ एवढे खजिनदाराला सांगावे आणि वर्गणी त्याच भेटीत द्यावी. कमानीसाठी दुसरा जाहिरातदार शोधायला मंडळाला दोन-तीन आठवडे मिळाले, तर या नकाराचा फारसा बोभाटा होत नाही.