फर्निचरच्या कागदाचा फोटो, अरबी सूचना आणि एक उलटा आकडा: भाषांतराचं ॲप आठ महिने वापरल्यावर

अजमानच्या एका गिऱ्हाइकाच्या कपाटाची दारं जुळेनात. एक दार वर, एक खाली, मध्ये बोट जाईल एवढी फट. फोनवर तो बिजागऱ्यांनाच शिव्या घालत होता. गेलो, उघडून बघितलं, तर मागचा पत्रा (पत्रा म्हणजे ३ मिलिमीटरचा बोर्ड, आमच्याकडे असंच म्हणतात) खाचेत नव्हताच. भिंतीला टेकवून ठेवलेला. त्याने सूचनांचा कागद माझ्यापुढे धरला. अरबी, सुबक छापलेला. तो आम्हीच दिला होता.

मी शारजातल्या एका फर्निचर गोदामात डिलिव्हरी आणि तक्रारी बघतो. कपाटं सुटी येतात, आत इंग्रजी कागद: नऊ चित्रं, तीन ओळींत तीन-तीन, प्रत्येकाखाली चार-पाच शब्द. गिऱ्हाइकाला अरबी लागतं. आधी टायपिंग सेंटरला द्यायचो, एका कागदाचे ६० दिरहम. मग फोटो काढला की पायऱ्या लावून अरबीत देणारं हे ॲप मिळालं, महिन्याला ३५ दिरहम. नाव लिहीत नाही, कारण पुढे बरंच बोलणार आहे.

पहिले दोन महिने मी खूश. नंतर हे कपाट.

झालं असं होतं. पाचव्या चित्रात मागचा पत्रा वरून खाचेत सरकवायचा, सहाव्यात वरची फळी बसवून मिनीफिक्स, म्हणजे फळ्या एकमेकींना धरून ठेवणारे गोल पेच, आवळायचे. अरबी कागदावर ५ नंबरला वरची फळी, ६ नंबरला पत्रा. गिऱ्हाईक लिहिलंय तसंच करणारा. त्याने आधी फळी आवळली आणि मग पत्र्याला जायला वाटच राहिली नाही. फळी पुन्हा काढताना मिनीफिक्सच्या भोकाभोवतीचा भुसा निघाला, पकड गेली. मग कंटाळून पत्रा तसाच ठेवला. पत्रा नसला की कपाटाचा चौकोन कललेला राहतो. दोन्ही कर्णांना टेप लावला तर १८ मिलिमीटरचा फरक. बिजागरी बिचारी काय करणार? बाजूची फळी आम्ही बदलून दिली. १४० दिरहम, चार महिन्यांची फी गेली.

गोदामात येऊन त्याच कागदाचे सहा फोटो काढले. सरळ ठेवून काढले की क्रम बरोबर. कागद जरा तिरका, उजवी कड थोडी वर, की ५ आणि ६ उलटे. चित्रांवरचे आकडे काळ्या गोळ्यात पांढरे छापलेले असतात, ते ॲपला वाचताच येत नाहीत. मग ते ओळींची उंची बघून स्वतःचे नंबर टाकतं. जी ओळ वर, ती आधी. तिरक्या फोटोत सहाव्या चित्राखालची ओळ पाचव्याच्या वर जाते, झालं काम. त्यात आठ आणि नऊच्या ओळी जवळजवळ असल्या तर दोन्ही एकत्र करून एकच पायरी बनवतं. हे ओळखणं मात्र सोपं: चित्रं मोजायची, पायऱ्या मोजायच्या. नऊ चित्रं आणि आठ पायऱ्या म्हणजे काहीतरी गिळलंय. क्रम उलटला असेल तर मोजून कळत नाही, तिथे प्रत्येक चित्रावर बोट ठेवूनच वाचावं लागतं.

तेव्हापासून मी पूर्ण कागदाचा फोटो काढत नाही. एक चित्र, एक फोटो. कात्रीने पांढरा पुठ्ठा कापून त्याला चौकोनी खिडकी केली आहे, ती चित्रावर ठेवायची आणि काढायचा. नऊ फोटोंना चार मिनिटं लागतात. आता क्रम चुकत नाही, आणि एकेक चित्र दिलं की भाषांतरही सुधारतं. "स्क्रू x4" असं नुसतं दिलं तर ते "शुद्द अर्बअ मर्रात" द्यायचं, म्हणजे चार वेळा आवळा! चित्र सोबत दिसल्यावर "अर्बअत बराघी", चार स्क्रू, असं नीट येतं. "कॅम", म्हणजे मिनीफिक्सचा फिरणारा गोल भाग, मात्र अजूनही कधीकधी कॅमेरा होतो. आमच्या इजिप्शियन फिटरने सांगितलं, "या बाशमुहंदिस, साधं कुफ्ल मुदव्वर लिही, गोल कुलूप. सगळ्यांना कळेल." तेव्हापासून तो शब्द मी हाताने घालतो. (मी इंजिनिअर नाही. इजिप्तचे लोक सगळ्यांनाच बाशमुहंदिस म्हणतात.)

अरबी कागदावर चित्रांची मांडणी उजवीकडून सुरू व्हायला हवी, पहिलं चित्र वर उजव्या कोपऱ्यात. हे ॲप आपणहून करतं, आणि चित्र आरशासारखं उलटं करत नाही, फक्त जागा बदलतं. याला पैकीच्या पैकी. टायपिंग सेंटरच्या पोराने एकदा आख्खं पानच पलटवलं होतं, तेव्हा डाव्या फळीची भोकं उजवीकडे गेली.

आता माझं खरं दुखणं. लाकडी डॉवेल असतो ८ मिलिमीटर जाड, ३० लांब. कागदावर `8×30`. अरबी ओळीत हेच छापून येतं `30×8`. दर वेळी! वर गंमत म्हणजे बोल्टचा `M6×30` कधीच उलटत नाही. तीन रात्री यात घालवल्या. बायको म्हणाली, "अहो, खुंटीच आहे ती, लोक भोकात घालतात, मोजत नाहीत." खरं आहे. पण मला ते बघवत नाही.

कारण सापडलं. अरबी ओळ उजवीकडून डावीकडे जाते. आकडा स्वतः डावीकडून वाचला जातो, पण दोन आकड्यांच्या मधल्या × ला स्वतःची दिशा नसते, ते ओळीची दिशा घेतं. मग ८ उजवीकडे, ३० डावीकडे. बोल्टमध्ये आधी `M` हे रोमन अक्षर आहे, त्याच्या मागे सगळा गट डावीकडून उजवीकडे राहतो. म्हणून उपाय असा की ८ च्या आधी डोळ्यांना न दिसणारं एक चिन्ह घालायचं, युनिकोडमध्ये त्याचा क्रमांक `U+200E`. ते मी फोनच्या नोट्समध्ये कॉपी करून ठेवलं आहे. पेस्ट केलं की आकडा सरळ.

ॲपवाल्यांना दोनदा लिहिलं, फोटोसकट. पहिलं उत्तर, ॲप अपडेट करा. दुसरं उत्तर, फोटो स्पष्ट काढा. फोटो स्पष्टच आहे, भाऊ! वाचताना `8×30` बरोबर वाचलं आहे, छापताना उलटतं, एवढं तरी बघा.

वर्षाची फी ३०० दिरहम आहे, म्हणजे महिन्याचे १० वाचतात. वर्षाची घेतलेली नाही. महिन्याची चालू आहे, कारण ६० दिरहमच्या कागदामागे मी आता दहा मिनिटं घालवतो आणि महिन्याला पाच-सहा कागद होतात. काल नवीन बूट-कपाटाचा कागद केला. चौदा चित्रं, चौदा पायऱ्या, डॉवेल चार ठिकाणी. चार वेळा पेस्ट केलं. छापून फिटरला दिला, त्याने तो घडी घालून खिशात टाकला आणि खोका फोडून कपाट जोडायला बसला.