वीटभट्टीच्या भागीदारीत माझे 1,70,000 गेले, "हजारी खर्च" सांगणाऱ्यापासून सावध राहा

लिहायची लाज वाटतेय पण लिहितो, कारण दिवाळी झाली की परत हेच लोक भागीदार शोधत फिरतील.

मांजरा काठची भट्टी, माणूस ओळखीचा, पाव्हण्याच्या नात्यातला. हंगामात 3 लाख विटा पाडू म्हणाला आणि वहीत हजारी, म्हणजे हजार विटांमागचा, खर्च लिहून दिला. माती, रॉयल्टी, ट्रॅक्टर मिळून 900, भुसा आणि परळीची राख 300, थापणी 1,000, भट्टी लावणं-उतरवणं 400, कोळसा 2 क्विंटल 1,800, पाणी-डिझेल-जागा 200. एकूण 4,600. विक्री 6,500. अर्धी भागीदारी म्हणून मी 6,90,000 दिले, सोयाबीनचे होते आणि थोडं सोनं मोडलं. मी काही अडाणी नाही, रेट चार भट्ट्यांवर विचारले, ते बरोबरच होते. रेटमध्ये खोट नव्हतीच, म्हणून तर फसलो.

मार्चात अवकाळी झाला. त्याचा फोन आला, 70,000 कच्च्या विटा विरघळल्या. दुसऱ्या दिवशी मी स्वतः गेलो. एका कोपऱ्यात ताडपत्री उडालेली, खाली विटांच्या कडा गळून चिखल झालेला, गुडघाभर उंच, फार तर तीन-चार ट्रॉल्या. मी तिथं उभा होतो हो! आमच्याकडच्या 9 बाय 4 बाय 3 च्या हजार विटांना सैल माती साधारण 0.9 ब्रास लागते, म्हणजे 70,000 विटांची माती 60 ब्रासच्या वर पाहिजे. 60 ब्रासचा चिखल तीन-चार ट्रॉल्यांचा कसा होईल? डोळ्यांसमोर होतं आणि मी त्यालाच धीर देत होतो की जाऊ द्या, पाऊस कुणाच्या हातात आहे.

तिथंच थापणीवाली एक बाई हात धुत होती, ती म्हणाली, "भाऊ, आमच्या जोडीच्या 38,000 झाल्या." जोड्या सहाच. सहा गुणिले 38,000 म्हणजे 2,28,000. तेव्हा डोक्यात गुणाकार केला असता तर हे लिहायची वेळ आली नसती.

मे अखेरीला हिशोब आला. खर्च पूर्ण 3 लाखांवर लावला, 13,80,000. पक्का माल 2 लाख, बाकी भिजल्या, फुटल्या, पिवळ्या राहिल्या. त्यातल्या 40,000 उधारीवर, म्हणून हातात आले 10,40,000, माझा वाटा 5,20,000.

मग मी ट्रॅक्टरवाल्याकडं गेलो, त्याच्या वहीत मातीच्या खेपा 207, खेपेला एक ब्रास. 207 ब्रासात 2,30,000 च विटा पडतात. म्हणजे त्या 70,000 कधी थापल्याच नव्हत्या आणि त्यांचे 3,22,000 हिशोबात खर्च म्हणून टाकले, त्यातले निम्मे माझ्या डोक्यावर. आणि समजा खरंच भिजल्या असत्या तरी 4,600 कसा लागेल? भिजलेली माती परत कालवून थापता येते, ती वीट भट्टीत गेलीच नाही तर कोळसा जळला कुठं? फार तर थापणीचे 1,000 बुडतात. भिजलेल्या विटेला कोळशाचा खर्च कुणी लावला तर तिथंच हात धरा.

दुसरी गोष्ट, हजारी खर्च थापलेल्या विटेवर धरू नका, विकलेल्या पक्क्या विटेवर धरा. खऱ्या 2,30,000 विटांना 4,600 प्रमाणे 10,58,000 गेले आणि पक्क्या निघाल्या 2 लाख, म्हणजे चोरी धरली नाही तरी हजारी 5,290. वहीतल्या 4,600 मध्ये फुटतुटीचा हिशोब कुठंच नव्हता आणि ते मी विचारलं नाही.

पोलीस ठाण्यात गेलो तर हवालदार म्हणे हे दिवाणी आहे, कोर्टात जा. ट्रॅक्टरच्या वहीचे फोटो दाखवले तर बघितले पण नाहीत. तहसीलला रॉयल्टीच्या पावत्या किती ब्रासच्या फाडल्या ते विचारायला तीन चकरा मारल्या, पहिल्यांदा साहेब मीटिंगला, दुसऱ्यांदा क्लार्क रजेवर, तिसऱ्यांदा मलाच विचारलं, भट्टीत पैसे घातले तर परवानगी कुणाच्या नावावर होती? चोर तिकडं नवीन ट्रॅक्टर घेतोय आणि चौकशी माझी! ग्राहक मंचात म्हणाले तुम्ही ग्राहक नाही, धंदा केला. वकिलानं तर हातच टेकले, 500 च्या स्टॅम्पवर लिहून घेतलेली भागीदारी, नोंदणी नाही, 1932 च्या भागीदारी कायद्याच्या कलम 69 मुळं भागीदारावर हक्काचा दावा लागत नाही, फार तर भागीदारी मोडून हिशोब मागा म्हणाला. स्टॅम्प घेताना हे कुणी सांगत नाही. नोंदणी करा, नाहीतर पैसे देऊच नका.

थापणीची मोजणी दर आठवड्याला स्वतः जाऊन करा, रांगा मोजा, मुकादमाचा आकडा घेऊ नका. मातीच्या खेपा ट्रॅक्टरवाल्याकडून लिहून घ्या, भट्टीवाल्याकडून नाही.

उधारीच्या 2,60,000 तला माझा अर्धा मागितला तर त्यानं चार नावं लिहून दिली आणि म्हणाला तुम्हीच वसूल करा. त्यातल्या दोघांकडं जाऊन आलो. दोघांनीही त्याला रोख दिल्याच्या पावत्या दाखवल्या, फेब्रुवारीच्या.